एकाच रात्री तापाचे औषध दोनदा दिले गेले, तर

प्रश्न: माझी मुलगी २ वर्षे १० महिन्यांची आहे, वजन १२ किलो. कालपासून ताप आहे. आज सकाळी १० वाजता तिला ५ मिली पॅरासिटामॉल दिले होते. रात्री ९ वाजता सासूबाईंनी ५ मिली दिले आणि मला ते माहीत नसल्यामुळे ९.४० ला मी पुन्हा ५ मिली पाजले. बाटलीवर २५० लिहिले आहे. आता १०.३० झाले आहेत, ती झोपली आहे. उलटी करायला लावू का? रात्रीच दवाखान्यात न्यायला हवे का? आम्ही नाशिकला सिडकोत राहतो.

उत्तर: उलटी करवू नका, आज रात्री दवाखान्यात धावण्याची गरज नाही, आणि उद्या सकाळी १० वाजेपर्यंत तिला पॅरासिटामॉल असलेले कोणतेही औषध देऊ नका. तुम्ही लिहिलेले आकडे बरोबर असतील तर हे उत्तर पुरेसे आहे. ते बरोबर आहेत की नाहीत हे मात्र आत्ताच पाहून घ्या, कारण एवढ्याच ओळी दुसऱ्या एखाद्या आईने लिहिल्या असत्या आणि बाटली वेगळी असती, तर मी तिला लगेच रिक्षा काढायला सांगितले असते.

बाटली ट्यूबलाइटखाली धरा आणि नावाखालची बारीक अक्षरे वाचा. तिथे दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: औषध किती मिलिग्रॅम आहे, आणि ते किती मिलीमध्ये आहे. मिली हे द्रवाचे माप आहे आणि मिलिग्रॅम हे औषधाचे वजन आहे. घरात बोलताना आपण दोन्हींना ‘मिली’च म्हणतो आणि बहुतेक चुका तिथेच सुरू होतात. आपल्याकडे पॅरासिटामॉलचे साधे सिरप ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचे मिळते, जास्त तीव्रतेचे सिरप ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅमचे असते, आणि तान्ह्या मुलांसाठीचे ड्रॉप्स १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅमचे असतात. ड्रॉप्सवरचा आकडा दिसायला सर्वांत लहान असतो आणि औषध मात्र त्यातच सर्वांत दाट असते. ५ मिली ड्रॉप्स म्हणजे ५०० मिलिग्रॅम, म्हणजे साध्या सिरपच्या चौपट. १०० पाहून ‘हे तर सौम्य दिसते’ असे समजून चमचाभर पाजणारे सुशिक्षित पालक मी पाहिलेले आहेत.

तुमच्या बाटलीवर ‘५ मिलीमध्ये २५०’ असेच लिहिले असेल, तर रात्रीच्या दोन मात्रा मिळून ५०० मिलिग्रॅम औषध पोटात गेले. दोहोंमध्ये चाळीसच मिनिटांचे अंतर असल्यामुळे ती एकच मात्रा धरायची. ५०० ला १२ ने भागले की किलोमागे साधारण ४२ मिलिग्रॅम येतात. पॅरासिटामॉलची एका वेळची योग्य मात्रा किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असते, म्हणजे ही मात्रा जवळजवळ तिप्पट झाली. हे वाचून घाबरू नका, कारण योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात या औषधाच्या बाबतीत बरेच अंतर आहे. सहा वर्षांखालच्या निरोगी मुलाने एकाच वेळी किलोमागे २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतले असेल तर त्याला रुग्णालयात पाठवावे, असा आकडा विषबाधेच्या उपचारात वापरला जातो. मी स्वतः १५० लाच पाठवतो, कारण घरी मोजलेल्या मिलीवर मला तेवढा भरवसा नसतो. तुमची मुलगी यांतल्या कमी आकड्याच्याही तिसऱ्या हिश्शाच्या आत आहे.

हा हिशेब करताना एक गोष्ट लक्षात येते आणि ती तुमच्या प्रश्नात नाही. १२ किलोच्या मुलीला एका वेळी जास्तीत जास्त १८० मिलिग्रॅम चालतात, आणि तुमच्या बाटलीतले ५ मिली म्हणजे २५०. याचा अर्थ, सकाळची मात्रा आणि सासूबाईंनी दिलेली मात्रा या दोन्ही आधीच जास्त होत्या. माझा अंदाज असा की पूर्वी घरात १२५ ची बाटली असायची, तिच्यातले ५ मिली या वजनाला अगदी बरोबर बसायचे, तेच माप हातात बसले, आणि मध्येच कधीतरी दुकानातून २५० ची बाटली आली. दोन्हींचा रंग आणि वास सारखा असू शकतो, नावही जवळजवळ सारखेच, फक्त शेवटी दोन इंग्रजी अक्षरे जास्त. तेव्हा सासूबाईंशी आज रात्री या विषयावर काही बोलणे होणार असेल, तर ते ‘मला विचारले का नाही’ यावर न होता बाटलीवर व्हावे. दुसऱ्यांदा दिले गेले ही चूक तुम्हाला दिसली, पण आधीची चूक दोघींच्याही हातून झाली होती आणि ती कोणाच्याच लक्षात आलेली नव्हती.

आता उलटीबद्दल. घाबरलेल्या घरात पहिला विचार हाच येतो आणि कोणीतरी मिठाचे पाणी कालवून आणतेच. ते करू नका. लहान मुलाला मिठाचे दाट पाणी पाजल्याने रक्तातले सोडियम एकदम वाढते आणि त्याने झटके येऊ शकतात. पॅरासिटामॉलच्या ४२ मिलिग्रॅमपेक्षा तो धोका कितीतरी मोठा आहे. घशात बोट घालून काढलेली उलटी, विशेषतः अर्धवट झोपेतल्या मुलाची, श्वासनलिकेत जाऊ शकते. शिवाय सिरप द्रवरूप असल्यामुळे ते पोटातून लवकर रक्तात उतरते. पाऊण तासानंतर उलटी काढली तरी तिच्यातून फार काही बाहेर येत नाही. दूध, तूप, लिंबूपाणी यांतले काहीही हे औषध ‘मारत’ नाही. ती जागी झाली आणि तिने पाणी किंवा दूध मागितले तर नेहमीसारखे द्या. उपाय म्हणून मात्र काही पाजू नका. मुलीने आपणहून उलटी केली, तर ‘औषध पडून गेले’ म्हणून पुन्हा मात्रा देऊ नका.

रात्री काय पाहायचे तेही सांगतो. पॅरासिटामॉलने गुंगी येत नाही. ताप उतरला की मूल गाढ झोपते, ती झोप आजाराने थकलेल्या मुलाची असते. झोपण्यापूर्वी एकदा तिला कुशीवर वळवून पाहा, हाक मारा. ती कुरकुरली, डोळे किलकिले करून पुन्हा झोपली, तर तेवढे पुरे. दर अर्ध्या तासाने उठवून डोळ्यांत टॉर्च मारण्याचे कारण नाही. कपाळाला थोडा घाम येईल, अंग नेहमीपेक्षा गार लागेल, तेही तापाचे औषध लागू पडल्याचेच लक्षण आहे. मात्र ती हाकेने आणि हलवूनही जागी होत नसेल, श्वास जड किंवा फार वेगाने चालला असेल, ओठ काळेनिळे दिसत असतील किंवा झटका आला, तर ते या ४२ मिलिग्रॅममुळे झालेले नाही असे मी खात्रीने सांगेन, आणि म्हणूनच अधिक घाईने १०८ ला फोन करायला सांगेन. अशा वेळी कारण दुसरे असते: तापाचाच एखादा गंभीर आजार, किंवा बाटलीत आपल्याला वाटले त्यापेक्षा वेगळे औषध.

पुढची मात्रा कधी द्यायची याचा हिशेब घड्याळाने करायचा असतो, तापाच्या आकड्याने नाही. चोवीस तासांत पॅरासिटामॉल किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या आसपास थांबवावे असे मी पालकांना सांगतो. तुमच्या मुलीसाठी ते ७२० मिलिग्रॅम होतात. आज सकाळी १० चे २५० आणि रात्रीचे ५०० मिळून ७५० झाले, म्हणजे दिवसाचा कोटा संपून वर ३० झाले. उद्या सकाळी १० नंतर आजची सकाळची मात्रा चोवीस तासांच्या बाहेर पडते आणि मागे ५०० उरतात. तेव्हा ताप असेल आणि ती बेचैन असेल, तर याच बाटलीतले ३.५ मिली द्या. ते १७५ मिलिग्रॅम होतात, आणि बेरीज ६७५ वर राहते. त्यानंतरची मात्रा मात्र रात्री ९.४० नंतरच, कारण तोपर्यंत आजच्या रात्रीचे ५०० हिशेबातच असतात. परवापासून नेहमीसारखे, दोन मात्रांमध्ये निदान सहा तास ठेवून द्या. ३.५ मिली कपाने नीट मोजता येत नाहीत. मेडिकलमधून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज आणा आणि गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू पाजा.

मधल्या रात्रीत ताप पुन्हा चढला तर? नाशिकच्या थंडीत अशा मुलांना दोन स्वेटर, टोपी आणि वर दुलई घालून ठेवलेले मी पाहतो. त्याने अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. एक सुती कपडा आणि पातळ पांघरूण पुरे. कोमट पाण्याने अंग पुसले तर मुलाला बरे वाटते, पण गार पाणी किंवा बर्फ नको, कारण त्याने हुडहुडी भरते आणि ताप उलट वाढतो. घोट घोट पाणी, पेज, वरणाचे पाणी चालू ठेवा. ‘पॅरासिटामॉल देता येत नाही तर दुसरे देऊ’ म्हणून आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड मात्र स्वतःहून देऊ नका. त्या बाटल्यांत बहुधा पॅरासिटामॉलही मिसळलेले असते, आणि कालपासूनचा हा ताप डेंग्यूचा नाही हे अजून कोणी तपासलेले नाही. डेंग्यूत या दोन्ही औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

हा सगळा हिशेब मी एवढा लांबवला, कारण पॅरासिटामॉलची खरी हानी मी पाहिली ती एका रात्रीच्या दुप्पट मात्रेने झालेली नव्हती. यकृत या औषधाचा मोठा भाग निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकते. थोडासा भाग मात्र एका जहाल पदार्थात बदलतो आणि त्याला शमवण्यासाठी यकृताच्या पेशींत ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. एका वेळी थोडे जास्त औषध आले तर साठा थोडा घटतो आणि पुन्हा भरतो. औषध सलग दोन-तीन दिवस जास्त येत राहिले आणि तापामुळे मूल जेवतही नसेल, तर साठा भरायला अवधीच मिळत नाही. तो संपला की तो जहाल पदार्थ यकृताच्या पेशीच जाळू लागतो. म्हणून दिवसांचा हिशेब वेगळा ठेवतात: चोवीस तासांत किलोमागे २०० मिलिग्रॅम, किंवा सलग दोन दिवस रोज १५०, किंवा तीन दिवस वा अधिक रोज १००, यांपैकी काहीही झाले असेल तर मूल हसतखेळत असले तरी त्याची रक्ततपासणी करायची.

काही वर्षांपूर्वी, द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत, दिंडोरीकडच्या एका कुटुंबातला चौदा महिन्यांचा मुलगा माझ्याकडे आला. वजन ९ किलो. दिवसभर आईवडील बागेत आणि मूल आजीजवळ. घरात सिरप दिले जायचे, म्हणून दुकानात ‘तापाचे औषध’ मागितले, आणि मूल लहान म्हणून हाती ड्रॉप्स आले. खोक्यातले ड्रॉपर आजीच्या उपयोगाचे नव्हते; तिने नेहमीसारखा औषधाच्या मापाने चमचा भरला. दिवसातून तीन वेळा ५ मिली, म्हणजे रोज १५०० मिलिग्रॅम, किलोमागे सुमारे १६७, आणि हे सलग दोन दिवस. मी आईला विचारले, ‘बाटली किती दिवस पुरली?’ ती म्हणाली, ‘परवा संध्याकाळी संपली, परत आणली होती, तीही काल संपली.’ ड्रॉप्सची बाटली १५ मिलीची असते. योग्य मात्रेने ती त्या मुलाला तीन-चार दिवस सहज पुरली असती. तो प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येकाला विचारतो, कारण माप किती घेतले हे लोक विसरतात, पण बाटली कधी संपली हे विसरत नाहीत.

त्या मुलाचा ताप दुसऱ्या दिवशीच उतरलेला होता, त्यामुळे घरच्यांना औषध गुण देते आहे असेच वाटले. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, तो काही खाईना, पडून राहू लागला, आणि याचाही दोष तापालाच दिला गेला. रक्तात यकृताचा एसजीपीटी नावाचा घटक नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी पट वाढलेला होता आणि रक्त गोठायला लागणारा वेळही थोडा वाढला होता. त्याला अतिदक्षता विभागात ठेवून शिरेतून ॲसिटिलसिस्टीन दिले. हे औषध ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरून काढते. तो वाचला आणि त्याचे यकृत पूर्ण सुधारले, पण ते दिवस त्या आईने कसे काढले ते मी पाहिले आहे. या विषबाधेत पहिल्या दिवशी मूल बहुधा चांगलेच दिसते. फार तर एखादी उलटी, थोडा फिकटपणा. यकृताला इजा झाल्याचे रक्तात दिसायला साधारण एक दिवस लागतो आणि ती तीन-चार दिवसांनी सर्वाधिक असते. म्हणून ‘मूल तर छान खेळते आहे’ या निकषावर पॅरासिटामॉलच्या बाबतीत मी कधीच निर्णय घेत नाही, फक्त मिलिग्रॅम आणि किलो यांवर घेतो.

तुमच्या घरची संख्या या मर्यादेजवळ गेली असती, तर काय झाले असते, तेही सांगतो. रात्री उशीर झाला म्हणून सकाळची वाट न पाहता, ज्या रुग्णालयात मुलांसाठी रात्रभर डॉक्टर आहेत तिथे जायचे, शासकीय असो की खासगी. सोबत बाटली आणि तिचे खोके न्यायचे. मोबाइलमध्ये लेबलचा फोटो असला तरी बाटली न्यावी, कारण तिच्यात किती उरले आहे हे डॉक्टरांना पाहता येते. औषध घेतल्यापासून एक तासाच्या आत पोहोचलात, तर क्वचित कोळशाची भुकटी पाजतात. ती पोटातले औषध शोषून घेते, पण पातळ सिरपच्या बाबतीत तिचा फारसा उपयोग उरलेला नसतो. खरी तपासणी म्हणजे रक्तातील पॅरासिटामॉलची पातळी, आणि तो नमुना औषध घेतल्यानंतर निदान चार तासांनी घेतात. आधी घेतला तर औषध अजून रक्तात उतरतच असते आणि आकडा फसवा येतो. म्हणून रुग्णालयात पोहोचताच सुई टोचली नाही, तर ‘लक्ष देत नाहीत’ असे समजू नका. ते चार तास मोजत असतात. ही पातळी आपल्याकडे प्रत्येक प्रयोगशाळेत होत नाही आणि अहवालाला वेळ लागू शकतो. गेलेली मात्रा मोठी असेल आणि अहवाल लवकर मिळण्यासारखा नसेल, तर त्याची वाट न पाहता ॲसिटिलसिस्टीन सुरू करणेच योग्य, कारण आठ तासांच्या आत सुरू झाले तर ते यकृताला जवळजवळ खात्रीने वाचवते आणि त्यानंतर दर तासाला त्याचा जोर कमी होत जातो.

हिशेब मर्यादेच्या जवळपास येत असेल, किंवा आकडेच लागत नसतील, तर फोनवर विचारायलाही जागा आहे. दिल्लीच्या एम्समधले राष्ट्रीय विष माहिती केंद्र रात्रंदिवस चालू असते आणि त्याचा टोल फ्री क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. फोन करण्यापूर्वी मुलाचे वजन, औषधाचे नाव आणि तीव्रता, किती मिली, किती वाजता आणि गेल्या चोवीस तासांत आणखी काय दिले, एवढे कागदावर लिहून ठेवा. माझ्या स्वतःच्या फोनवरही हेच पाच प्रश्न असतात, आणि बहुतेक वेळा उत्तरांपैकी एक तरी बाटली शोधायला आत गेल्यावरच मिळते.

हे सारे निरोगी मुलाबद्दल झाले. तीन महिन्यांच्या आतले बाळ असेल, मुलाला यकृताचा आजार असेल, ते फार अशक्त असेल, किंवा फिटसाठी फिनोबार्बिटोन किंवा कार्बामॅझेपिनसारखी औषधे रोज चालू असतील, तर वरच्या आकड्यांवर विसंबू नका आणि जास्त मात्रा लक्षात येताच डॉक्टरांशी बोला.

राहिला प्रश्न बाटली साध्या पॅरासिटामॉलचीच आहे का, याचा. सर्दीच्या अनेक सिरपमध्ये पॅरासिटामॉलबरोबर क्लोरफेनिरामिन आणि फिनिलेफ्रिन असते. क्लोरफेनिरामिन आणि फिनिलेफ्रिनचे हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये अशी सूचना लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. तुमच्या मुलीला अजून तीन वर्षे पुरी व्हायची आहेत. त्याची दुप्पट मात्रा गेली तर मूल एक तर फार गुंगते किंवा उलट चिडचिडे होते, तोंड कोरडे, चेहरा लाल, नाडी जलद, आणि असे मूल मी काही तास रुग्णालयात डोळ्यांसमोर ठेवणे पसंत करतो. मेफेनॅमिक ॲसिड जास्त गेले तर झटके येऊ शकतात. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडने मान वाकडी होते, डोळे वर जातात, घरचे लोक त्याला फिट समजतात, आणि एका इंजेक्शनने ते थोड्या वेळात उतरते. साल्ब्युटामॉलने हात थरथरतात आणि छाती धडधडते, काही तासांत शांत होते. अमॉक्सिसिलिनची दुप्पट मात्रा गेली तर फार तर जुलाब होतील. आणि आजोबांची मधुमेहाची ग्लिमेपिराइड किंवा रक्तदाबाची गोळी मुलाने तोंडात घातली असेल, तर तिथे दुप्पट-तिप्पट हा हिशेबच नसतो. एकच गोळी पुरेशी असते, साखर किंवा रक्तदाब काही तासांनी उतरू शकतो, आणि मूल कितीही चांगले दिसत असले तरी त्याला लगेच न्यायचे.

पुन्हा असे होऊ नये म्हणून मी एकच गोष्ट सुचवतो, आणि ती तक्ता किंवा ॲप नाही. बाटलीला रबरबँडने एक कागदाची चिठ्ठी बांधा. वरच्या ओळीत ‘वजन १२ किलो, या बाटलीतले ३.५ मिली’ असे लिहा, आणि खाली दर वेळी देणाऱ्याने वेळ लिहायची. चिठ्ठी बाटलीवरच असल्यामुळे औषध ओतण्यापूर्वी ती हाताला लागतेच, मग देणारे कोणीही असो. पुढच्या वेळी बाटली बदलली की जुनी चिठ्ठी काढून टाका, नवीन बाटलीवरून आकडा पुन्हा काढा. १२५ ची आणलीत तर तिच्यातले ७ मिली होतील. घरात दोन तीव्रतेच्या बाटल्या एकाच वेळी ठेवू नका.

उद्या सकाळी मुलीला तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि ते दाखवणे या मात्रेसाठी नसून तापासाठी असू द्या. कालपासूनच्या तापाचे कारण अजून कळलेले नाही, आणि तिसऱ्या दिवशीही तो उतरला नाही तर पेशींची मोजणी आणि डेंग्यूची तपासणी करावी लागेल. जाताना घरातल्या तापाच्या, सर्दीच्या आणि खोकल्याच्या सगळ्या बाटल्या एका पिशवीत घालून घेऊन जा.